तिशीत क्षेत्र बदललं आणि आपण 'तोतया' आहोत असं वाटतंय? नवखेपण आणि खरी उणीव यांतला फरक कसा ओळखायचा?

दहा वर्षं बँकेत कर्ज विभागात काम. मग आठ महिन्यांचा कोर्स. आणि वयाच्या ३४व्या वर्षी पुण्यातल्या एका ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीत 'डेटा अॅनालिस्ट' म्हणून नवी नोकरी.

शेजारच्या खुर्चीवर बसणारा सहकारी २४ वर्षांचा. तो बोलता बोलता क्वेरी लिहितो. तिला मात्र तीच आज्ञा तिसऱ्यांदा गूगलवर शोधावी लागते, तीही स्क्रीन जरा तिरकी करून. मीटिंगमध्ये कुणी 'तुमचं मत काय?' असं विचारलं की पोटात गोळा येतो. रात्री घरी परतताना एकच विचार: 'यांनी मला चुकून घेतलंय. एक दिवस हे सगळ्यांना कळणार.'

हे उदाहरण प्रातिनिधिक आहे. बँकेऐवजी शाळा, डेटाऐवजी मार्केटिंग किंवा डिझाईन धरलं, तरी कथा फारशी बदलत नाही. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या २०२५च्या 'फ्युचर ऑफ जॉब्स' अहवालानुसार, २०३० पर्यंत कामासाठी लागणारी ३९ टक्के कौशल्यं बदलतील किंवा कालबाह्य होतील असा कंपन्यांचा अंदाज आहे. म्हणजे मध्येच रूळ बदलणारे लोक वाढणारच आहेत.

महाराष्ट्रात तर याला आणखी एक पदर आहे. एमपीएससीच्या बहुतेक पदांसाठी खुल्या गटाची कमाल वयोमर्यादा ३८ वर्षं आहे. अनेक वर्षं अभ्यासात घालवून तिशीत पहिल्यांदाच खासगी नोकरीत शिरणाऱ्यांची अवस्थाही अशीच असते.

अशा वेळी सोशल मीडियावर एक उत्तर तयार असतं: 'तुला इम्पोस्टर सिंड्रोम आहे. स्वतःवर विश्वास ठेव.' पण प्रश्न असा आहे की, ही भावना खोटीच असते का? की कधीकधी ती काहीतरी खरं सांगत असते?

हा शब्द आला कुठून?

१९७८ मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक लेख प्रसिद्ध केला. दीडशेहून अधिक यशस्वी महिलांसोबतच्या कामातून त्यांना एक गोष्ट दिसली होती. या महिलांकडे पदव्या होत्या, पुरस्कार होते, वरिष्ठांची शाबासकी होती. तरीही त्यांना वाटायचं की आपण सगळ्यांना फसवतोय. यश मिळालं ते नशिबानं किंवा कुणाच्या तरी गैरसमजातून.

क्लान्स आणि आइम्स यांनी याला 'इम्पोस्टर फिनॉमिनन' म्हटलं होतं. 'सिंड्रोम' हा शब्द नंतर रूढ झाला. मानसिक आजारांचं निदान करण्यासाठी डॉक्टर जी अधिकृत यादी वापरतात, त्यात हा आजार म्हणून नाही.

आता या व्याख्येतली मेख पाहा. त्या महिलांकडे कर्तृत्वाचा पुरावा होता आणि तो त्यांना दिसत नव्हता. नव्या क्षेत्रात चार महिने झालेल्या माणसाकडे हा पुरावा अजून तयारच झालेला नसतो. 'मला हे नीट येत नाही' असं त्याला वाटतं, तेव्हा ते बऱ्याचदा खरंही असतं.

म्हणून दोन्ही टोकाची उत्तरं नडतात. 'सगळं मनाचे खेळ' म्हणून भावना झटकली, तर खरी उणीव तशीच राहते आणि एक दिवस कामात उघडी पडते. आणि 'मला जमणारच नाही' असं मानलं, तर जे सहा महिन्यांत आपोआप सुटलं असतं, त्यासाठी माणूस नोकरी सोडून बसतो.

तिशीत हे जास्त का बोचतं?

कारण तुलना दोन बाजूंनी होते. एक तुलना शेजारच्या तरुण सहकाऱ्याशी. दुसरी, जास्त त्रासदायक, तुलना स्वतःशीच.

बँकेत दहाव्या वर्षी तिला कर्जाची फाईल हातात घेतली की पाच मिनिटांत कळायचं, यात काय खटकतंय. ते सहजपण तिच्या लक्षात आहे. पण ते यायला किती वर्षं लागली, पहिल्या वर्षी किती फाईली परत आल्या, हे ती विसरली आहे. त्यामुळे ती आपल्या जुन्या दहाव्या वर्षाची तुलना नव्या चौथ्या महिन्याशी करते. त्यात ती हरणारच.

शिवाय बाविसाव्या वर्षी चुकलं तर लोक 'नवीन आहे' म्हणतात. चौतिसाव्या वर्षी चेहरा अनुभवी दिसतो, म्हणून लोक कमी समजावून सांगतात आणि आपणही कमी विचारतो. घराचा हप्ता आणि मुलांची फी डोक्यावर असली की 'मला हे माहीत नाही' हे वाक्य आणखी महाग वाटू लागतं.

शिकण्याचा आलेख नेमका कसा असतो?

'लर्निंग कर्व्ह' हा शब्द आपण सहज वापरतो. पण त्याचा आकार माहीत असेल, तर अर्धी भीती कमी होते.

१९३६ मध्ये टी. पी. राइट या अमेरिकन अभियंत्यानं विमानाच्या कारखान्यातली आकडेवारी मांडली. त्याला आढळलं की एकूण विमानांची संख्या दुप्पट झाली की दर विमानामागे लागणारी मजुरी साधारण २० टक्क्यांनी कमी होते. माणसाच्या शिकण्याला हाच आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. पण आकार तसाच असतो: सुधारणा ठरावीक दिवसांनी होत नाही, तर काम किती वेळा केलं यावर होते. आणि ती हळूहळू मंदावते.

समजा, तिला पहिला साप्ताहिक अहवाल बनवायला १० तास लागले. याच हिशोबानं दुसऱ्याला ८ तास लागतील, चौथ्याला साधारण साडेसहा, आठव्याला पाच आणि सोळाव्याला चार.

म्हणजे पहिल्या अहवालानंतर दुसऱ्यालाच दोन तास वाचले. पण आठव्यापासून पुढचा एक तास वाचवायला आणखी आठ अहवाल, म्हणजे दोन महिने लागले. नेमक्या याच दोन महिन्यांत 'माझी प्रगती थांबली' असं वाटतं. प्रत्यक्षात ती थांबलेली नसते, आलेखाचा तो भागच सपाट असतो.

म्हणून नवखेपणाची पहिली खूण ही: तेच काम आधीपेक्षा कमी वेळात होतंय का? कमी मदतीनं होतंय का? उत्तर 'हो' असेल, मग वेग कितीही मंद असला तरी, ही शिकण्याची नेहमीची वाट आहे. आज्ञा विसरणं, गूगल करणं, कंपनीतली संक्षेपं न कळणं हे सगळं या खात्यात जातं. यातलं बरंचसं काम करता करता भरून निघतं.

मग खरी उणीव कशी दिसते?

आता उदाहरणातल्या त्या चौथ्या महिन्याकडे जाऊ.

तिला एक साधा आकडा काढायचा होता: ज्या ऑर्डरचे पैसे आले आहेत, त्यांची एकूण विक्री किती? कंपनीकडे दोन तक्ते होते. एका तक्त्यात ऑर्डर, दुसऱ्यात पैसे भरल्याच्या नोंदी. तिनं दोन्ही जोडले आणि बेरीज केली:

```sql
SELECT SUM(o.amount)
FROM orders o
JOIN payments p ON p.order_id = o.order_id;
```

क्वेरी चालली. लाल अक्षरात कुठलीही चूक आली नाही. आकडा मिळाला आणि अहवाल गेला. दोन दिवसांनी हिशोब विभागातून फोन आला: 'विक्री एवढी जास्त कशी?'

काय झालं होतं, ते तीन ऑर्डर घेऊन पाहू. ऑर्डर १०१ होती १,००० रुपयांची, १०२ होती ५०० ची आणि १०३ होती ८०० ची. खरी विक्री २,३०० रुपये. पण १०१ च्या ग्राहकानं पैसे दोन वेळा मिळून दिले होते: आधी ६०० आणि मग ४००. म्हणजे पैशांच्या तक्त्यात १०१ च्या दोन ओळी होत्या.

दोन तक्ते जोडले, तेव्हा १०१ ची ऑर्डर दोन्ही ओळींपुढे एकेकदा आली. तिचे १,००० रुपये दोनदा मोजले गेले. बेरीज झाली १,००० अधिक १,००० अधिक ५०० अधिक ८००, म्हणजे ३,३००. खऱ्या विक्रीपेक्षा १,००० रुपये जास्त.

दुरुस्ती छोटी आहे. पैशांचा तक्ता जोडायचाच नाही. ऑर्डरचा क्रमांक त्यात सापडतो का, एवढंच विचारायचं:

```sql
SELECT SUM(amount)
FROM orders
WHERE order_id IN (SELECT order_id FROM payments);
```

आता बेरीज बरोबर २,३०० येते. पण मुद्दा आज्ञा बदलण्याचा नाही. तिला 'या तक्त्यातली एक ओळ म्हणजे नेमकं काय?' हा प्रश्न विचारायचा असतो, हेच माहीत नव्हतं. एक ओळ म्हणजे एक ऑर्डर, की एक भरणा, की एक ग्राहक? डेटाच्या कामाचा हा पाया आहे. तो कच्चा असेल, तर शंभर क्वेरी लिहूनही ही चूक सुटत नाही. उलट ती अधिक वेगानं होते.

जिथे लाज वाटते, तिथे उणीव नसते

इथे एक गंमत आहे. आज्ञा गूगल करताना तिला लाज वाटत होती. पण ती उणीव नव्हतीच, अनुभवी लोकही तेच करतात. आणि तक्ते जोडताना तिला काहीच वाटलं नव्हतं. उणीव मात्र तिथेच होती.

म्हणजे 'मी तोतया आहे' ही भावना होकायंत्र म्हणून फारशी कामाची नाही. ती दुसऱ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर बोट ठेवते: वेग, शब्द, आत्मविश्वास. खरी उणीव बहुधा आपल्याला न दिसणाऱ्या जागी असते.

१९९९ मध्ये डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांनी कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास याच दिशेनं जातो. तर्क, व्याकरण आणि विनोदाची जाण यांच्या चाचण्यांमध्ये तळाशी असलेल्या विद्यार्थ्यांचा क्रम सरासरी १०० पैकी खालून १२व्या स्थानाच्या आसपास होता. पण त्यांना स्वतःला आपण ६२व्या स्थानावर असू असं वाटत होतं. या निष्कर्षाच्या आकडेशास्त्रावर नंतर बरेच वादही झाले. पण 'आपल्याला किती येतं याचा आपला अंदाज कच्चा असतो' एवढी गोष्ट त्यातून घेता येते.

मग मनाला विचारण्याऐवजी कामाला विचारायचं.

कामाला विचारायचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न: तीच चूक परत होते का? यासाठी साधी वही पुरते. सहा आठवडे प्रत्येक चुकीची एक ओळ लिहायची: काय चुकलं, कुणाला सापडलं, किती वेळ गेला. शेवटी चुका मोजायच्या नाहीत, त्यांचे गट करायचे.

उदाहरणातल्या वहीत समजा १४ चुका निघाल्या. त्यातल्या आठ आज्ञा चुकीची लिहिल्याच्या होत्या. या स्क्रीनवर लगेच दिसल्या आणि पाच-दहा मिनिटांत सुटल्या. शिवाय आठपैकी सहा पहिल्या तीन आठवड्यांतल्या होत्या. हे नवखेपण, ते आपोआप ओसरतंय. दोन चुका कंपनीचे नियम माहीत नसल्यानं झाल्या होत्या. त्या एकदा विचारलं की संपल्या. उरलेल्या चार वेगवेगळ्या अहवालांतल्या होत्या, पण मूळ एकच: ओळी दोनदा मोजल्या गेल्या. आणि त्यातली शेवटची सहाव्या आठवड्यातली होती. ही खरी उणीव.

दुसरा प्रश्न: चूक कुणाला सापडते? आपली चूक आपल्यालाच, काम पाठवण्याआधी सापडत असेल, तर पाया तयार होतोय. दरवेळी ती दुसरंच कुणी सांगत असेल, तर आपल्याकडे काम तपासायची मोजपट्टीच नाही. तिच्या वहीत त्या चारही चुका हिशोब विभागानं पकडल्या होत्या.

तिसरा प्रश्न: उत्तर येण्याआधी अंदाज सांगता येतो का? क्वेरी चालवण्याआधी कागदावर लिहायचं: 'साधारण किती ओळी याव्यात आणि बेरीज कितीच्या आसपास असावी.' अंदाज चुकला तर हरकत नाही. पण अंदाज बांधताच येत नसेल, तर आपण पायऱ्या पाठ केल्या आहेत, काम समजलेलं नाही. हा प्रश्न दुसऱ्या क्षेत्रातही विचारता येतो. मार्केटिंगमध्ये जाहिरात सुरू करण्याआधी, डिझाईनमध्ये ग्राहकाला दाखवण्याआधी: काय होईल असं वाटतं, आणि का?

उणीव सापडली, पुढे काय?

पहिली चूक इथे अशी होते: घाबरून नवा, मोठा, सगळं पहिल्यापासून शिकवणारा कोर्स लावला जातो. सहा महिने जातात आणि पाया तिथेच राहतो, कारण त्या कोर्सचा बहुतेक भाग आधीच येत असतो.

सापडलेली उणीव जितकी छोटी करून लिहिता येईल, तितकी ती लवकर भरते. 'मला एसक्यूएल येत नाही' यावर काही करता येत नाही. 'तक्ते जोडताना ओळी का वाढतात, हे मला कळत नाही' यावर करता येतं. दहा-दहा ओळींचे दोन तक्ते कागदावर काढायचे, हातानं जोडायचे आणि मग संगणकाशी ताडून पाहायचं. रोज अर्धा तास दिला, तर दोन आठवड्यांत फरक दिसायला हवा.

मदत मागतानाही हेच लागू होतं. 'मला काहीच समजत नाहीये' असं म्हटलं की वरिष्ठ धीर देतात, पण शिकवत नाहीत. 'सर, ऑर्डर आणि भरणा जोडले की माझ्या ओळी वाढतात. माझ्या मते भरणा दोनदा असल्यानं तसं होतंय. हे बरोबर आहे का?' असं विचारलं, तर दहा मिनिटांत उत्तर मिळतं. शिवाय समोरच्याला कळतं की या व्यक्तीनं विचार केलेला आहे.

आणि जुनं क्षेत्र? उदाहरणातली ही बाजू सगळ्यात महत्त्वाची आहे. बँकेत दिवस संपताना रोकड जुळल्याशिवाय कुणी घरी जात नाही. हातातली रक्कम आणि नोंदींची बेरीज एक यायलाच हवी. तिनं हे दहा वर्षं पाहिलं होतं. नव्या कामातही नेमकं तेच करायचं होतं: जोडण्याआधी ऑर्डर किती, जोडल्यावर ओळी किती, आणि बेरीज मूळ तक्त्याशी जुळते का? नाही जुळली तर अहवाल पाठवायचा नाही.

म्हणजे तिच्याकडे मोजपट्टी होती. ती जुन्या नोकरीतच ठेवून आल्यासारखी ती वागत होती. 'आता मला शून्यापासून सुरुवात करायची आहे' असं मानल्यानं होणारं हे नुकसान आहे. शेजारच्या २४ वर्षांच्या मुलाकडे वेग होता, पण आकडा जुळवायची ती सवय त्याला अजून लागायची होती.

वही कुठे पुरत नाही?

काही गोष्टी मात्र या वहीत मावत नाहीत.

कधी उणीव माणसात नसते, जागेत असते. तक्त्यांची माहिती कुठेच लिहिलेली नाही, शिकवायला कुणी नाही, प्रश्न विचारला की हसतात. अशा ठिकाणी कुणीही तोतयाच ठरेल. २०२१ मध्ये रुचिका तुलश्यान आणि जोडी-अॅन ब्युरी यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये हाच आक्षेप घेतला होता: महिलांना इम्पोस्टर सिंड्रोम असल्याचं सांगणं थांबवा, त्यांना तसं वाटायला लावणारी कामाची जागा सुधारा. ओळखायची खूण सोपी आहे. तुमच्यासोबत आलेले नवे लोकही त्याच जागी अडखळत असतील, तर प्रश्न फक्त तुमचा नाही.

जिथे चुकीची किंमत दुसऱ्याच्या जिवानं किंवा आयुष्यभराच्या पुंजीनं मोजली जाते, तिथे 'करता करता शिकू' चालत नाही. परवाना, प्रशिक्षण आणि वरिष्ठांची देखरेख तिथे याचसाठी असते. तिथे स्वतःची परीक्षा स्वतःच घेऊन भागत नाही.

आणि ही भावना झोप, भूक, घरातलं बोलणं यांवर आठवडेच्या आठवडे परिणाम करत असेल, तर तो वहीचा विषय राहत नाही. तेव्हा समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोलायला हवं.

शेवटची शक्यताही मान्य करायला हवी. उणीव नेमकी लिहिली, तीन महिने तिच्यावर काम केलं, मदत मिळाली, आणि तरीही त्याच गटातल्या चुका तितक्याच येत राहिल्या, तर ते काम कदाचित आपलं नसेल. मग त्याच क्षेत्रातली शेजारची भूमिका पाहता येते. बँक आणि डेटा दोन्ही कळणाऱ्या माणसाला कर्जाच्या जोखमीचं विश्लेषण हा एक रस्ता आहे. पण हा निर्णय वहीतल्या नोंदी पाहून घ्यायचा, मीटिंगमधल्या एका वाईट दिवसावरून नाही.

उदाहरणातल्या तिचं काय? सातव्या महिन्यातही ती आज्ञा गूगल करते, फक्त स्क्रीन आता तिरकी करत नाही. तिच्या क्वेरीच्या वर आता एक ओळ लिहिलेली असते: 'जोडण्याआधी ३ ऑर्डर, जोडल्यावर ४ ओळी. का?' हिशोब विभागातून फोन अजूनही येतात. पण गेल्या सहा आठवड्यांत दोनदा मोजलेल्या ओळींसाठी एकही आलेला नाही.